दुसरा शनिवार, साडेपाच वाजता

कॉलेजच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी ‘भेटूया ना एकदा’ असं टाकतं. दहा-बारा अंगठे येतात आणि गाडी तारखेपाशी अडते. एकाला पंधरा तारीख जमत नाही, दुसरीला बावीस. मग मतदान होतं, आणि ज्या तारखेला सगळ्यांत जास्त मतं पडतात तिच्या आदल्या दिवशी निम्म्यांची गळती होते. बोर्डगेमची मासिक बैठक सुरू करताना आडवी येते ती हीच गोष्ट, खेळ निवडणं हा प्रश्न त्यामानाने सोपा. म्हणून आमच्या मंडळींना मी मेसेज न टाकता चक्क पत्र लिहिलं. मेसेज वर सरकून जातो. पत्रात सगळं एकदाच, शेवटापर्यंत सांगता येतं, आणि पुढे कुणी ‘हे कधी ठरलं?’ म्हणालं तर काढून दाखवता येतं.

पत्राची सुरुवात अशी होती:

“मंडळी, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते नऊ आमच्याकडे बैठे खेळ. तारीख विचारायची नाही, कॅलेंडर बघायचं. चार जण असले की बैठक होणार. कुणाहीसाठी ती पुढे ढकलणार नाही आणि न आलेल्याला टोमणेही मारणार नाही, पुढचा महिना आहेच. येणार असाल तर गुरुवारी रात्रीपर्यंत ‘हो’ एवढंच कळवा. ‘बघतो’ आणि ‘जमवते’ ही उत्तरं ‘नाही’ धरली जातील. ‘हो’ म्हणून ऐनवेळी अडकलात तर मात्र फोन करा, कारण तुमची खुर्ची खेळात मोजलेली असेल.”

दुसरा शनिवार का, तर सप्टेंबर २०१५पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते. ग्रुपमध्ये बँकवाले असतील तर त्यांची कारणं तिथेच संपतात. इतर बऱ्याच कचेऱ्यांनाही तो शनिवार मोकळा असतो. पण यातली खरी मेख गुरुवारची आहे. गप्पांच्या बैठकीला पाच काय नि आठ काय, काही बिघडत नाही. बोर्डगेमचं तसं नाही. प्रत्येक खेळाच्या खोक्यावर खेळाडूंची संख्या छापलेली असते आणि ती नुसती सूचना नसते, खेळाचा हिशेबच तिच्यावर बेतलेला असतो. ‘कटान’ हा मूळ खेळ तिघा-चौघांचा, ‘तिकीट टू राइड’ दोन ते पाच जणांचा. पाच जण येणार हे शनिवारी दारात कळलं तर कटान उघडता येत नाही. पाचव्याला ‘तू बघ आधी, मग खेळ’ असं सांगितलं जातं आणि पुढच्या महिन्यापासून तो येत नाही.

आठ जण असतील तर चार-चारची दोन टेबलं लावावीत. सात असतील तर चार आणि तीन. सहा हा आकडा अवघड, कारण तीन-तीनची टेबलं होतात खरी, पण घर एकदम शांत पडतं. सहा असताना मी दोन गटांत खेळायचे खेळच काढते. आठाच्या वर निमंत्रण नेऊ नये असं माझं मत आहे. नऊ-दहा जण जमले की त्याची पार्टी होते, आणि पार्टीत कुणालाही नियम ऐकायचे नसतात.

पत्राचा पुढचा भाग वेळेचा होता:

“साडेपाचला चहा. सहाला पहिला खेळ, तो शब्दांचा, त्यात कुणीही कधीही येऊन बसू शकतं. पावणेसातला मोठा खेळ सुरू. तो सुरू झाल्यावर जो येईल त्याने किंवा तिने स्वयंपाकघरात मदत करावी, मधेच पटावर जागा मिळणार नाही. साडेआठला हात थांबवायचे, डाव कुठेही असो. नऊला जेवून घरी. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी घरी हीच वेळ सांगून यावी.”

पुण्यात असो नाही तर ठाण्यात, साडेपाच म्हणजे सहा हे गृहीत धरलेलं बरं. उशिरा येणाऱ्यांवर चिडण्यापेक्षा सुरुवातीचा खेळच असा ठेवावा, की त्याचं दार उघडं असेल. त्यासाठी ‘कोडनेम्स’सारखा खेळ मला फार सोयीचा वाटतो. चेक रचनाकार व्लादा ख्वाटिलचा हा खेळ २०१५ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. विकत मिळतो तो इंग्रजी शब्दांचा. पण रचना इतकी साधी आहे, की मराठी पत्ते एका दुपारी घरी बनतात. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापाव्यात, त्यांचा पुठ्ठा चांगला जाड असतो.

खेळ असा. पाच ओळी, पाच रांगा, असे पंचवीस शब्द टेबलावर मांडायचे. दोन गट करायचे. प्रत्येक गटाचा एक म्होरक्या, आणि फक्त या दोन म्होरक्यांपुढे एक छोटा नकाशा. कोणता शब्द कुणाचा, हे त्यात असतं. पहिली पाळी ज्या गटाची त्याचे नऊ शब्द, दुसऱ्याचे आठ, सात कुणाचेच नाहीत आणि एक काळा. म्होरक्याने फक्त एक शब्द आणि एक आकडा बोलायचा. आकडा म्हणजे तो शब्द टेबलावरच्या किती शब्दांना लागू आहे ते. गटाने त्यावरून आपले शब्द ओळखायचे. चुकून दुसऱ्या गटाचा किंवा कुणाचाच नसलेला शब्द उचलला तर पाळी गेली. काळा उचलला तर डावच गेला.

मराठीत याला वेगळीच धार येते, कारण आपल्याकडे दोन-तीन अर्थ घेऊन फिरणारे शब्द मुबलक. समजा, टेबलावर हार, बोट, पान, काठ, माळ, घाट, पाट, तार, सूर असे शब्द आहेत. काठ, घाट आणि बोट तुमच्या गटाचे आहेत. म्होरक्या म्हणतो, ‘नदी, तीन.’ गट काठ उचलतो, घाट उचलतो. तिसऱ्याला कुणीतरी म्हणतं, ‘बोट? छे, बोट म्हणजे करंगळी-अंगठा. पाट घ्या, पाटाचं पाणी.’ आणि पाट काळा असतो. नदीला पाटही जवळचा आहे, हे म्होरक्याच्या लक्षात यायला हवं होतं. ‘नदी’ऐवजी ‘नावाडी, तीन’ म्हटलं असतं तर पाट आपोआप बाजूला पडला असता. चांगला म्होरक्या आपले शब्द जोडण्याआधी काळा शब्द बघतो आणि त्याच्यापासून लांब जाणारी वाट शोधतो. नवखा आधी आपले शब्द जोडतो आणि काळा त्याला नंतर दिसतो.

या खेळासाठी पत्रात चार ओळींचे घरचे नियम होते:

“टेबलावरच्या शब्दाचं कुठलंही रूप खुणेत चालणार नाही. ‘काठ’ पडलेला असताना ‘काठावर’ नाही, ‘काठापदर’ही नाही. रोजच्या बोलण्यातला इंग्रजी शब्द चालेल, शब्दकोशातून काढलेला संस्कृत नाही. म्होरक्याने चेहरा कोरा ठेवायचा, गट चुकीच्या शब्दाकडे बोट नेत असताना उसासे टाकायचे नाहीत. नवरा-बायको एका गटात नसतील.”

शेवटच्या नियमावर पत्र वाचून सगळे हसले, पण तो गमतीचा नाही. ‘महाबळेश्वर, दोन’ असं म्हटल्यावर घरच्या जुन्या आठवणीतून एक जोडपं दोन शब्द अचूक उचलतं, तेव्हा बाकीच्यांच्या हातात काहीच उरत नाही. हॉस्टेलवर एका खोलीत राहिलेल्यांचंही तेच. त्यांनाही मी वेगळं बसवते.

आता मोठा खेळ. नव्या मंडळींसाठी मी कटानपासूनच सुरुवात करते. क्लाउस टॉयबर हा जर्मन दंततंत्रज्ञ, म्हणजे दाताच्या कवळ्या वगैरे बनवणारा कारागीर. त्याने रचलेला हा खेळ १९९५ साली आला. एकोणीस षटकोनी तुकड्यांचं बेट, त्यावर लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज देणाऱ्या जमिनी. बहुतेक जमिनींवर एक आकडा. दोन फाशांची बेरीज जी येईल त्या आकड्याच्या जमिनीला लागून ज्यांची वस्ती, त्यांना माल. मालातून रस्ते, वस्त्या, शहरं बांधायची. ज्याचे दहा गुण आधी, तो जिंकला. कुणी मधेच बाद होत नाही, आणि मित्रांच्या बैठकीत हे फार मोलाचं. पहिल्या तासात बाद झालेला माणूस दुसऱ्या तासात मोबाइल बघत बसतो.

यात सात या आकड्याची जमीन नाही. सात आला की दरोडेखोराची सोंगटी हलते. ती ज्या जमिनीवर बसते ती जमीन माल देणं थांबवते, आणि ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याला निम्मे टाकावे लागतात. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज सात होते, म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा हाच. चौघं खेळत असतील तर पहिल्या दोन फेऱ्यांत आठ वेळा फासे पडतात. त्यांत एकदा तरी सात येण्याची शक्यता शंभरात साधारण ७७. थोडक्यात, सुरुवातीलाच कुणाची तरी सगळ्यांत चांगली जमीन बंद पडणार हे जवळपास ठरलेलं. जाणत्याला त्याचं काही वाटत नाही. जो पहिल्यांदा खेळतोय त्याला वाटतं, आपल्यालाच धरलं.

म्हणून पत्रातला नियम: “पहिल्या दोन फेऱ्यांत सात आला तर फासे पुन्हा टाकायचे.” जगभर अनेक घरांत हा नियम खेळतात आणि माझ्या मते तो चांगला घरचा नियम आहे, कारण तो कुठे संपतो हे पक्कं आहे. तिसऱ्या फेरीपासून खेळ छापील नियमाने चालतो. दुसरा नियम छापीलच आहे, पण सगळ्यांत जास्त मोडला जाणारा: मालाची देवघेव फक्त ज्याची पाळी चालू आहे त्याच्याशी. उरलेल्यांनी आपापसांत सौदे करायचे नाहीत. हे सैल सोडलं तर दर पाळीला मंडई भरते आणि दीड तासाचा खेळ तीन तासांवर जातो. खेळ लांबतोय असं वाटलं, की आधी इथेच बघावं: ज्याची पाळी नाही असे दोन जण आपसात बोलतायत का?

घरचा नियम केव्हा चांगला आणि केव्हा घातक, हे आपल्या पिढीने ‘व्यापार’ खेळताना पाहिलेलं आहे, फक्त कारण लक्षात आलं नव्हतं. व्यापार ही मोनोपॉलीची देशी भावंडं. मोनोपॉलीचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. त्याचं पेटंट १९०४चं. जमीनदार भाड्यावर कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे कफल्लक होतात, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो रचला होता. पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली ती १९३५ साली. म्हणजे लोकांचे पैसे संपत जाणं हा त्या खेळाचा प्राणच आहे.

आणि आपण काय करायचो? दंडाचे पैसे बँकेत न टाकता पटाच्या मधोमध ठेवायचे, आणि अमुक एका घरात जो येईल त्याला तो ढीग. मोनोपॉलीच्या छापील नियमांत हे कुठेही नाही. दंड बँकेत जातो, आणि ‘फ्री पार्किंग’वर आलेल्याला काहीही मिळत नाही. खेळातून बाहेर जायला हवा तो पैसा आपण फिरून आत आणायचो. मग दिवाळं निघायला आलेला भाऊ एका फेरीत श्रीमंत व्हायचा आणि दुपारचा डाव रात्रीच्या जेवणापर्यंत संपायचा नाही. दुसरा नियम तर बहुतेकांनी वाचलेलाच नसतो: ज्या जागेवर आलात ती विकत घ्यायची नसेल, तर तिचा तिथल्या तिथे लिलाव होतो. लिलाव गाळला की जागा कुणाच्याच नावावर न होता पडून राहतात, भाडं लागत नाही, आणि फेऱ्यांवर फेऱ्या नुसत्या सोंगट्या फिरतात. हा खेळ लांबट आहे अशी तक्रार सगळेच करतात. त्यातला बराचसा लांबटपणा आपण घरीच कालवलेला असतो.

म्हणून नवा घरचा नियम सुचवला गेला, की मी एकच विचारते: याने डाव लवकर संपेल की उशिरा? उशिरा संपणार असेल तर नियम नको. पत्रातली ओळ अशी होती: “घरचा नियम फासे पडायच्या आधी सांगायचा. डाव चालू असताना ‘आमच्याकडे असं खेळतात’ हे वाक्य बंद.”

वाद तरीही होतातच. त्यासाठी दर महिन्याला एक पंच असतो. ज्याने त्या महिन्याचा खेळ निवडला, तोच पंच. नियमपुस्तिका आधी घरी वाचून येणं हे त्याचं काम. तिथे बसून वाचलेली पुस्तिका म्हणजे वीस मिनिटं सगळ्यांच्या जांभया. वाद झाला की पुस्तिका दोन मिनिटं उघडायची. सापडलं तर तसं, नाही तर पंच म्हणेल तसं. मुद्दा वहीत लिहून ठेवायचा आणि डाव संपल्यावर निवांत शोधायचा.

शिकवण्याचा क्रमही मी पत्रात टाकला होता, कारण हुशार मित्र इथेच घोळ घालतात. ते पहिल्या पानापासून सुरू करतात, आणि पहिल्या पानावर सोंगट्यांची यादी असते. नव्या माणसाला आधी जिंकतात कसं ते सांगावं. मग एका पाळीत काय काय करता येतं. अपवाद येतील तेव्हा. पहिली फेरी सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवून खेळावी, म्हणजे ‘माझ्याकडे हे आहे, आता काय करू?’ असं विचारायला लाज वाटत नाही. ती फेरी संपल्यावर मात्र मागितल्याशिवाय सल्ला नाही. आमच्यात एकजण असा आहे, की समोरच्याचा हात धरून सोंगटी ठेवून देतो. हा नियम त्याच्यासाठी आहे हे त्याच्याशिवाय सगळ्यांना कळलं.

उरलं खाणं. हा भाग लोक हसण्यावारी नेतात, पण माझ्या पत्रात त्याला अख्खा परिच्छेद आहे:

“येताना काही आणायचं तर कोरडं आणा. चिवडा चालेल, पण चमच्याने खायचा. भेळ, कच्छी दाबेली, वडापाव साडेआठनंतर. पाणी आणि सरबत टेबलावर नाही, बाजूच्या स्टुलावर. पैसे लावून खेळायचं नाही, पाच रुपयेसुद्धा नाही. फोन आवाज बंद करून पालथा. घरी बाळ किंवा आजारी माणूस असेल त्यांना सूट.”

चमचा का? चिवड्यातली हळद आणि तेल बोटांवरून पत्त्यांवर जातं. कटानमध्ये कुणाच्या हातात काय आहे हे लपलेलं असणं हाच खेळ आहे. धान्याच्या एका पत्त्याच्या पाठीवर पिवळा ठिपका पडला, की तो पत्ता कायमचा उघडा. पुढच्या महिन्यात दरोडेखोर हलवणारा गडी बरोब्बर तोच पत्ता ओढतो, आणि त्याला लबाडही म्हणता येत नाही. एका डागी पत्त्याने सगळा गठ्ठा बाद होतो. पत्त्यांना पारदर्शक प्लॅस्टिकची पाकिटं घातली तर पुसता येतात, पण ती घातलेला गठ्ठा फुगतो आणि मूळ खोक्यात बसत नाही. चमचा त्याहून स्वस्त.

आणि पत्राची शेवटची ओळ, जी सगळ्यांत आधी कामी आली: “तिघंच उरलो तर वडापाव आधी, मग कटान. तो तिघांतही होतो.” पहिल्याच शनिवारी चौघांचे ‘हो’ आले होते, आणि दुपारी चार वाजता एकीचा फोन आला की मुलाला ताप आहे.